एका दिवसाच्या आहार नियोजनाचे विश्लेषण: बेरीज जुळते, तरी आहार संतुलित का नसतो

गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात मला मिळालेला पहिला विश्लेषणाचा प्रश्न मी अजून जपून ठेवला आहे. त्यात सोळा वर्षे वयाच्या, पन्नास किलो वजनाच्या, मध्यम शारीरिक हालचाल असलेल्या शाकाहारी मुलीचे एका दिवसाचे जेवण दिले होते आणि खाली चार उपप्रश्न होते. या आहारातून किती ऊर्जा व प्रथिने मिळतात, कोणते अन्नगट कमी आहेत, हा आहार संतुलित आहे का, आणि नसल्यास त्यात कोणते बदल कराल. गेली काही वर्षे मी हाच विषय शिकवते आणि अशा उत्तरपत्रिका तपासते. नव्याने हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आजही तोच प्रश्न देते, कारण बहुतेक सगळ्या चुका त्या एका पानावर भेटतात.

नियोजन असे होते. सकाळी सात वाजता एक कप चहा आणि सहा बिस्किटे. दुपारी साडेबारा वाजता चार पोळ्या, एक वाटी बटाट्याची भाजी, दोन वाट्या भात आणि एक वाटी पातळ डाळ, आणि जेवण संपताच आणखी एक कप चहा. संध्याकाळी पाच वाजता पन्नास ग्रॅम तळलेले वेफर्स. रात्री नऊ वाजता दोन पोळ्या, दोन वाट्या भात, एक वाटी पातळ डाळ आणि पुन्हा एक वाटी बटाट्याची भाजी. सर्वांत खाली बारीक अक्षरात एक टीप होती, ती अशी की प्रत्येक कप चहात 50 मिलिलीटर दूध व दोन लहान चमचे साखर आहे, आणि दिवसभराच्या स्वयंपाकात या मुलीच्या वाट्याला सात लहान चमचे तेल येते.

ही टीप वाचायची राहून जाते. मीही ती वाचली नव्हती. लहान चमचाभर तेल म्हणजे पाच ग्रॅम, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ किलोकॅलरी मिळतात. कर्बोदके व प्रथिने यांतून मात्र प्रत्येकी चारच मिळतात. त्यामुळे सात चमचे म्हणजे 35 ग्रॅम तेल आणि त्यातून 315 किलोकॅलरी होतात. ही ऊर्जा या मुलीच्या दिवसभराच्या ऊर्जेच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी आहे. ताटात ती कुठेही वेगळी दिसत नाही, म्हणून ती बेरजेतूनही निसटते. ज्या प्रश्नात तेलाचा उल्लेखच नसतो, तेथे विद्यार्थ्याने आपण किती तेल धरले ते उत्तरात स्पष्ट लिहावे. गृहीतक लिहिलेले असले की परीक्षकाला बेरीज तपासता येते. न लिहिता मनात धरलेला आकडा चुकीचाच समजला जातो.

माझी त्याहून मोठी चूक भातात झाली होती. एक वाटी शिजवलेल्या भाताचे वजन साधारण नव्वद ते शंभर ग्रॅम भरते. मी चार वाट्यांचे 400 ग्रॅम धरले, कोष्टकातून तांदळाच्या 100 ग्रॅमची ऊर्जा, म्हणजे सुमारे 345 किलोकॅलरी, घेतली आणि गुणाकार केला. भाताचे 1,380 किलोकॅलरी आले. अन्नघटकांच्या कोष्टकातले आकडे सामान्यतः कच्च्या पदार्थाच्या खाद्य भागाचे असतात, हे कोष्टकाच्या डोक्यावर छापलेले असूनही माझ्या लक्षात आले नाही. तांदूळ शिजताना पाणी शोषतो आणि त्याचे वजन अडीच ते तीन पट होते, म्हणून एका वाटी भातामागे कच्चा तांदूळ सुमारे 30 ग्रॅमच असतो. चार वाट्यांचे 120 ग्रॅम, आणि त्यांतून 400 किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा. माझ्या उत्तरात जवळजवळ हजार किलोकॅलरी हवेतून आल्या होत्या आणि त्यांच्या आधारावर मी निष्कर्ष लिहिला होता की या मुलीचा आहार गरजेपेक्षा जास्त आहे व तिने भात बंद करावा. एका वाढत्या वयाच्या मुलीला, केवळ वजन चुकीचे धरल्यामुळे, मी जेवण कमी करण्याचा सल्ला दिला होता. तेव्हापासून मी कोणत्याही विश्लेषणाची पहिली पायरी घरगुती मापांचे कच्च्या वजनात रूपांतर हीच मानते, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय कोष्टक उघडू देत नाही.

त्या नियोजनाचे रूपांतर आता करून पाहू. मध्यम आकाराच्या एका पोळीला सुमारे 25 ग्रॅम पीठ लागते, म्हणून सहा पोळ्यांचे 150 ग्रॅम. तांदूळ 120 ग्रॅम. डाळीची वाटी पातळ असेल तर तिच्यात कच्ची डाळ 15 ग्रॅमच असते, घट्ट असेल तर 30 ग्रॅमपर्यंत जाते. प्रश्नात 'पातळ' असे लिहिले होते, म्हणून दोन वाट्यांचे 30 ग्रॅम. बटाटा प्रत्येक वेळी 100 ग्रॅम, एकूण 200. दूध दोन कप चहांतले मिळून 100 मिलिलीटर. येथेही अनेक जण 'दोन कप' वाचून दोन कप दूध लिहून मोकळे होतात, आणि मग कॅल्शियमची मोठी उणीव उत्तरात दिसतच नाही. साखर 20 ग्रॅम, तेल 35 ग्रॅम, बिस्किटे साधारण 30 ग्रॅम, वेफर्स 50 ग्रॅम.

यानंतर वर्गात प्रत्येक पदार्थ कोष्टकात शोधण्याची गरज नसते. आहार नियोजनात आपण वापरतो ते ढोबळ आकडे पुरतात, आणि माझ्या मते या पातळीवर तेच अधिक प्रामाणिक ठरतात, कारण वाटीच्या आकारातला फरक दशांश चिन्हानंतरच्या अंकांपेक्षा कितीतरी मोठा असतो. तृणधान्याच्या 30 ग्रॅममधून सुमारे 100 किलोकॅलरी मिळतात. प्रथिने गव्हातून तीन ग्रॅम व तांदळातून दोन ग्रॅम. डाळीच्या 30 ग्रॅममधूनही 100 किलोकॅलरी, पण प्रथिने सात ग्रॅमच्या जवळपास. दुधाच्या 100 मिलिलीटरमधून सुमारे 65 किलोकॅलरी व तीन ग्रॅम प्रथिने. बटाट्याच्या 100 ग्रॅममधून सुमारे 80 किलोकॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिने.

या हिशोबाने तृणधान्यांतून 900, डाळीतून 100, बटाट्यातून 160, तेलातून 315, दुधातून 65, साखरेतून 80, बिस्किटांतून सुमारे 135 आणि वेफर्समधून सुमारे 270 किलोकॅलरी मिळतात. एकूण 2,025. प्रथिने तृणधान्यांतून 23 ग्रॅम, डाळीतून सात, दूध, बटाटा व वेफर्स यांतून प्रत्येकी तीन आणि बिस्किटांतून दोन, असे मिळून 41 ग्रॅम होतात. या मुलीची ऊर्जेची गरज तिच्या हालचालीनुसार 2,000 ते 2,500 किलोकॅलरींच्या दरम्यान असते. मी येथे 2,200 धरते. प्रथिनांची गरज शरीराच्या दर किलो वजनामागे 0.85 ते 0.9 ग्रॅम धरली तर 43 ते 45 ग्रॅम येते. तुमच्या अभ्यासक्रमात जे कोष्टक नेमलेले असेल त्यातलाच आकडा घ्यावा आणि तो कोणत्या वयोगटाचा व किती वजनाचा आहे हे तपासून घ्यावे, कारण शेजारच्या रकान्यातला आकडा उचलणे ही नेहमीची चूक आहे.

आता जी गोष्ट मला या सगळ्या लेखनात सर्वांत महत्त्वाची वाटते, ती येथे येते. ऊर्जा गरजेच्या 92 टक्के आहे. प्रथिने नव्वद टक्क्यांच्या वर आहेत. बेरीज अचूक करणारा, कष्टाळू विद्यार्थी हे दोन आकडे पाहून समाधानाने लिहितो की आहार जवळजवळ संतुलित आहे, फक्त किंचित वाढ हवी. गणित बरोबर असते आणि निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा असतो. प्रश्नात ऊर्जा व प्रथिने विचारलेली असतात ती सुरुवात म्हणून. संतुलनाचा निकाल त्यांवर लागत नाही.

निकाल अन्नगटांच्या यादीत दिसू लागतो. कागदावर तृणधान्ये, डाळी, दूध व दुधाचे पदार्थ, हिरव्या पालेभाज्या, इतर भाज्या, फळे, तेल-तूप आणि साखर असे रकाने आखावेत व प्रत्येक पदार्थाचे कच्चे वजन त्या त्या रकान्यात टाकावे. या नियोजनात पालेभाज्यांचा रकाना रिकामा राहतो. फळांचा रिकामा राहतो. इतर भाज्यांच्या रकान्यात अनेक जण बटाटा लिहितात, कारण पदार्थाचे नाव 'बटाट्याची भाजी' आहे. परंतु बटाटा हे कंद आहे, त्याच्यातून प्रामुख्याने पिष्ट मिळते आणि आहारात तो धान्याच्या बाजूला झुकतो. त्याला कंदमुळांच्या वेगळ्या रकान्यात ठेवले की इतर भाज्यांचाही रकाना रिकामा असल्याचे दिसते. पदार्थाचे नाव काय आहे यावरून त्याचा गट ठरत नाही, तो शरीराला काय देतो यावरून ठरतो. एकदा तीन रिकामे रकाने आणि दुधाच्या रकान्यात जेमतेम 100 मिलिलीटर असे चित्र समोर आले, की पुढे कोणत्या पोषकद्रव्यांचा शोध घ्यायचा हे आपोआप कळते. दूध कमी म्हणून कॅल्शियम, पालेभाज्या नाहीत म्हणून लोह व 'अ' जीवनसत्त्व, फळे नाहीत म्हणून 'क' जीवनसत्त्व. सगळ्या पोषकद्रव्यांची बेरीज करत बसण्यापेक्षा रिकाम्या रकान्यांनी दाखवलेली दोन-तीन मोजावीत.

कॅल्शियम मोजून पाहिले तर 100 मिलिलीटर दुधातून सुमारे 120 मिलिग्रॅम मिळते आणि धान्य, डाळ, बटाटा यांतून मिळून आणखी शंभर-सव्वाशे. एकूण 230 च्या आसपास. या वयात गरज 1,000 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, कारण हाडांची घनता वाढण्याचा हा काळ आहे. म्हणजे ज्या आहारातून 92 टक्के ऊर्जा मिळते, त्याच आहारातून कॅल्शियम एक चतुर्थांशही मिळत नाही. उत्तरपत्रिकेत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले मला पाहायला आवडतात, कारण आहार संतुलित का नाही हे सांगायला मग वेगळ्या विशेषणांची गरज राहत नाही.

लोहाचा हिशोब थोडा अधिक काळजीने करावा लागतो. गव्हाच्या पिठातून सुमारे सहा मिलिग्रॅम आणि उरलेल्या सर्व पदार्थांतून मिळून चारच्या जवळपास, असे एकूण दहा मिलिग्रॅम होतात. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलीची गरज, तिचा आहार धान्यप्रधान असल्यामुळे शोषण कमी होते हे लक्षात घेता, 30 मिलिग्रॅमच्या आसपास धरली जाते. उणीव तर आहेच, पण विश्लेषण येथे थांबवले तर अर्धेच होते. वनस्पतिजन्य पदार्थांतले लोह किती शोषले जाईल हे त्याच जेवणात सोबत काय आहे यावर अवलंबून असते. धान्य व डाळींतले फायटेट आणि चहातले टॅनिन या लोहाला बांधून ठेवतात. 'क' जीवनसत्त्व त्याला शोषणाला सोप्या रूपात आणते. या नियोजनात दुपारचे जेवण संपताच चहा आहे आणि दिवसभरात एकही फळ नाही. म्हणजे लोह आधीच कमी आणि त्यातलेही शोषले जाण्याच्या मार्गात अडथळा. चहाकडे बोट दाखवणारा विद्यार्थी शंभरात पाच-सातच भेटतो, कारण चहाची वेळ ही माहिती त्याला गणिताचा भाग वाटत नाही. प्रश्नात प्रत्येक पदार्थासमोर वेळ दिलेली असते ती याचसाठी.

वेळेतून आणखी एक गोष्ट दिसते. सकाळच्या चहा-बिस्किटांतून सुमारे 205 किलोकॅलरी, म्हणजे दिवसाच्या ऊर्जेचा दहावा हिस्सा मिळतो, आणि त्यावर साडेपाच तास काढायचे असतात. दुपारच्या एका जेवणात 900 च्या आसपास येतात. हे निरीक्षण उत्तरात एका वाक्यात लिहिले तरी पुरे.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे. 41 ग्रॅम हा आकडा वाईट नाही, पण त्यातले निम्म्याहून अधिक प्रथिन धान्यातून आले आहे. धान्यातल्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते भरपूर असते आणि तिच्यात मेथिओनिन कमी असते, जे धान्यात पुरेसे मिळते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते, हे सर्वांनी पाठ केलेले असते. पण त्यासाठी डाळीचे प्रमाण पुरेसे असावे लागते. येथे 270 ग्रॅम धान्याला 30 ग्रॅम डाळ आहे, म्हणजे नवास एक असे प्रमाण पडते. 'भात आणि डाळ एकत्र असल्यामुळे प्रथिनांचा दर्जा उत्तम' असे वाक्य या नियोजनाखाली लिहिता येणार नाही. पूरकतेचा लाभ ठळकपणे मिळण्यासाठी हे प्रमाण तीन ते चारास एक इतके असावे, आणि पातळ डाळीच्या दोन वाट्यांतून तेथवर पोहोचता येत नाही.

दोष शोधताना नसलेला दोष लावू नये, हेही तितकेच सांगावेसे वाटते. बिस्किटे, साखर आणि वेफर्स दिसताच विद्यार्थी 'साखर व चरबी अतिप्रमाणात' असे लिहून टाकतात. मोजून पाहावे. चहातली 20 ग्रॅम साखर आणि बिस्किटांतली सुमारे सात ग्रॅम मिळून 27 ग्रॅम होतात. त्यांतून 108 किलोकॅलरी, म्हणजे एकूण ऊर्जेच्या पाच टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने बाहेरून घातलेल्या साखरेसाठी सांगितलेली मर्यादा ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी अशी आहे, आणि पाच टक्क्यांपर्यंत आणल्यास अधिक चांगले असे ती सुचवते. त्यामुळे साखरेवर टीका करण्यासारखे येथे फारसे नाही. स्निग्ध पदार्थांचे चित्र वेगळे आहे. दिसणारे तेल 35 ग्रॅम, आणि वेफर्स, बिस्किटे, दूध व धान्य यांत दडलेले आणखी सुमारे 28 ग्रॅम. एकूण 63 ग्रॅममधून 567 किलोकॅलरी, म्हणजे ऊर्जेच्या 28 टक्के. हे मर्यादेत बसते, पण वरच्या टोकाला. त्यातले 16-17 ग्रॅम एकट्या वेफर्समधून येतात आणि त्यांच्यासोबत मीठही येते. म्हणून वेफर्सवर आक्षेप घ्यायचा तो त्यांनी पोषक पदार्थाची जागा अडवली आहे म्हणून. 270 किलोकॅलरी घेऊन ते फार थोडे परत देतात.

आता सुधारणा. या उपप्रश्नाला सर्वाधिक गुण असतात आणि येथेच सर्वाधिक गुण जातात, कारण विद्यार्थी दिलेले नियोजन बाजूला ठेवून आपल्या मनातले आदर्श नियोजन लिहितात. त्यात दूध, फळे, सुकामेवा, सूप, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये असे सगळे येते आणि ऊर्जेची बेरीज कुणी पुन्हा करत नाही. प्रश्न सुधारणेचा असतो. शक्य तितके मूळ जेवण ठेवून, कमीत कमी बदलांत, सापडलेल्या उणिवा भराव्यात आणि प्रत्येक बदल कोणत्या उणिवेसाठी आहे ते त्याच्यासमोर लिहावे.

मी या नियोजनात असे बदल सुचवते. दोन्ही वेळची डाळ पातळऐवजी घट्ट करावी, म्हणजे कच्ची डाळ 60 ग्रॅम होईल. वेफर्स काढून त्यांच्या जागी 30 ग्रॅम भाजलेले हरभरे ठेवावेत. दुपारच्या बटाट्याऐवजी मेथीसारखी 100 ग्रॅम पालेभाजी घ्यावी आणि त्याच जेवणात एक पेरू किंवा संत्रे ठेवावे. सकाळी चहासोबत पेलाभर, म्हणजे 200 मिलिलीटर दूध वाढवावे आणि रात्रीच्या जेवणात 100 ग्रॅम दही. दुपारचा चहा जेवणानंतर लगेच न घेता तीन वाजता घ्यावा. पोळ्या, भात, बिस्किटे, रात्रीचा बटाटा आणि तेल यांना मी हात लावलेला नाही.

यातल्या प्रत्येक जागेमागे कारण आहे. फळ संध्याकाळी न ठेवता दुपारी ठेवले, कारण पालेभाजी, डाळ व पोळ्या यांतले लोह त्या जेवणात आहे आणि 'क' जीवनसत्त्वाचा उपयोग सोबत असेल तरच होतो. पाच तासांनी खाल्लेला पेरू दुपारच्या लोहाला मदत करू शकत नाही. दही त्याच जेवणात न ठेवता रात्री ठेवले, कारण कॅल्शियमही लोहाच्या शोषणाला काही प्रमाणात अडथळा करते. पालेभाज्यांत पालक सर्वांना आधी आठवतो, आणि 'अ' जीवनसत्त्वासाठी तो चांगलाच आहे, परंतु त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे त्याचे कॅल्शियम फारच थोडे शोषले जाते. कॅल्शियमची उणीव भरण्यासाठी पालक लिहिणे म्हणून योग्य ठरत नाही.

बेरीज पुन्हा करावी. मूळ 2,025 मधून वेफर्सचे 270 आणि बटाट्याचे 80 वजा होतात. हरभऱ्यांचे सुमारे 110, फळाचे 50, पालेभाजीचे 40, दूध व दह्याचे 195 आणि वाढीव डाळीचे 100 जमा होतात. एकूण 2,170 किलोकॅलरी, म्हणजे गरजेच्या अगदी जवळ. प्रथिने 60 ग्रॅमच्या पुढे जातात. धान्य 270 ग्रॅमच राहते आणि डाळ-कडधान्य 90 ग्रॅम होते, म्हणजे प्रमाण बरोबर तीनास एक. कॅल्शियम मूळ 230 मध्ये दूध-दह्याचे 360, मेथीचे 200 हून अधिक आणि डाळ-हरभऱ्यांचे थोडेसे मिळून 800 च्या वर जाते. लोह सुमारे 16 मिलिग्रॅम होते.

यातले शेवटचे दोन आकडे गरजेपर्यंत पोहोचलेले नाहीत आणि ते तसेच लिहावेत. 'या बदलांनंतर सर्व गरजा पूर्ण होतात' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या शेवटी वाचते, आणि बहुतेक वेळा त्याच्या वर लिहिलेले आकडे त्याला साथ देत नाहीत. कॅल्शियमसाठी आणखी पेलाभर दूध किंवा तितकेच दही सहज सुचवता येते. लोह मात्र शाकाहारी जेवणातून 30 मिलिग्रॅमपर्यंत नेणे कठीण असते. शोषण सुधारले आहे, उणीव कमी झाली आहे, पण संपलेली नाही, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विषय समजलेला असतो. एखाद्या मुलीला प्रत्यक्षात रक्तक्षय आहे का, हे मात्र आहाराच्या कागदावरून ठरत नाही. त्यासाठी रक्ततपासणी लागते. 'या मुलीला रक्तक्षय आहे' असे उत्तरात लिहू नये, 'असा आहार दीर्घकाळ राहिल्यास रक्तक्षयाचा धोका वाढतो' एवढेच लिहिता येते.

याच कारणाने काही गोष्टी एका दिवसाच्या नियोजनावरून तपासताच येत नाहीत. 'ड' जीवनसत्त्व मुख्यतः सूर्यप्रकाशात त्वचेत तयार होते, त्यामुळे ताटावरून त्याचा अंदाज लागत नाही. आयोडीन मिठावर अवलंबून असते आणि मीठ कोणते हे प्रश्नात क्वचितच दिलेले असते. 'ब-12' जीवनसत्त्व शाकाहारी व्यक्तीला मुख्यतः दूध व दुधाच्या पदार्थांतून मिळते, म्हणून 100 मिलिलीटर दुधाच्या या मूळ नियोजनात त्याचीही उणीव असणार, हे मात्र गणित न करताही सांगता येते. पालेभाजी एखाद्या दिवशी नसणे हा दोष नसतो. ती आठवडाभर नसेल तर असतो. म्हणून निष्कर्षाच्या वाक्यात 'या दिवसाच्या आहारात' असे शब्द घालायची सवय मी विद्यार्थ्यांना लावते.

लिहिण्याच्या क्रमाविषयी एवढेच सांगते की सुरुवातीला व्यक्तीचे वय, वजन, हालचाल व विशेष अवस्था एका ओळीत उतरवून घ्यावी, मग गृहीतके, मग कच्च्या वजनांचा तक्ता, मग अन्नगटांचे रकाने, त्यानंतर बेरीज, आणि शेवटी बदल व त्यांची पुन्हा केलेली बेरीज. बेरजेच्या आधी रकाने भरावेत असा माझा आग्रह असतो, कारण आधी बेरीज केली की 92 टक्क्यांचा आकडा डोळ्यांसमोर राहतो आणि रिकामे रकाने दिसेनासे होतात. वर्गात मी तोच जुना प्रश्न देते तेव्हा निम्म्या विद्यार्थ्यांना आधी बेरीज करायला सांगते व निम्म्यांना आधी रकाने भरायला, आणि मग दोन्ही गटांना एकमेकांची उत्तरे वाचायला देते.